वीस प्रश्नांतले अकरा

हल्ली संगणकाला एखादा उतारा दिला की कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात त्यावर वीस प्रश्न काढून देते. वार्षिक परीक्षेच्या सुमारास आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वहीत असे प्रश्नसंच दिसतात आणि पालकही ते मोठ्या हौसेने छापून आणतात. प्रश्न काढण्याचे श्रम वाचले हे खरे. परंतु त्यांतले कोणते ठेवावे आणि कोणते टाकावे, हे काम मात्र आपल्याकडेच उरले आहे. माझ्या मते ते प्रश्न काढण्याहून अवघड आहे, आणि ते न करता संच वापरणे म्हणजे न निवडलेले तांदूळ शिजत घालणे होय.

मध्यंतरी आठवीच्या वर्गासाठी मी आपल्याच गावच्या इतिहासावर एक छोटा उतारा लिहिला. त्यात दहा मुद्दे होते. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्ये चौंडी येथे झाला. त्यांचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव १७६६ मध्ये व पुत्र मालेराव १७६७ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला आणि सैन्याची जबाबदारी तुकोजी होळकरांवर सोपविली. महेश्वर ही त्यांची राजधानी. तेथे त्यांनी विणकरांना आश्रय दिला. १७९५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १८१८ मध्ये मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. यंत्राला वीस प्रश्न मागितले, वीस मिळाले. ते वाचण्यापूर्वी मी उताऱ्यातील मुद्द्यांना एक ते दहा क्रमांक दिले आणि मग प्रत्येक प्रश्नापुढे त्याच्या उत्तराचा क्रमांक लिहीत गेले.

चार प्रश्नांपुढे क्रमांक लिहिता येईना. त्यांतला एक असा: ‘अहिल्याबाईंनी काशी विश्वनाथाचे मंदिर कोणत्या वर्षी बांधविले?’ त्यांनी ते बांधविले हे सर्वश्रुत आहे. पण उताऱ्यात काशीचा उल्लेखच नाही. येथे आपणच फसतो. उत्तर आपल्याला ठाऊक असते, म्हणून ते उताऱ्यात आहे असे वाटते. म्हणून मी मुलांना सांगते, उत्तर तोंडाने सांगू नका. उताऱ्यातल्या वाक्यावर बोट ठेवा. बोट ठेवायला जागा नसेल तर प्रश्न बाद. दुसरा प्रश्न अधिक फसवा होता: ‘अहिल्याबाईंनी राजधानी इंदूरहून महेश्वरला का हलविली?’ येथे महेश्वरवर बोट ठेवता येते. पण आधी राजधानी इंदूरला होती आणि तेथून ती हलविली, हे उताऱ्यात कोठे आहे? प्रश्नाने स्वतःच एक विधान गृहीत धरले आहे. ‘का’ने विचारलेला प्रश्न आला की त्यातले ‘का’ काढून उरलेले वाक्य उताऱ्यात सापडते का, ते पाहावे.

उरलेल्या सोळांत पुनरुक्ती होती. ‘अहिल्याबाईंची राजधानी कोणती?’, ‘त्यांनी कोणत्या नगरातून राज्य केले?’ आणि ‘महेश्वर ही कोणाची राजधानी होती?’ हे तीन वेष घेतलेले एकच पात्र आहे. तिसऱ्याचे उत्तर वेगळे असले तरी मुद्दा तोच. याउलट ‘मालेरावांचे निधन केव्हा झाले?’ आणि ‘अहिल्याबाईंनी कारभार केव्हा हाती घेतला?’ या दोहोंचे उत्तर १७६७ हेच. तरीही मुद्दे दोन आहेत, म्हणून दोन्ही प्रश्न राहिले. तात्पर्य, उत्तरे न जुळविता मुद्द्यांचे क्रमांक जुळवावेत. जन्म, राजधानी आणि निधन यांवरचे पाच जादा प्रश्न असे गळाले. जुळ्यांतला कोणता ठेवावा? ज्याचे उत्तर एकच निघते आणि ज्याच्या शब्दांतून शेजारच्या प्रश्नाचे उत्तर फुटत नाही, तो.

आता अकरा राहिले. त्यांत तीन वाक्चातुर्याचे होते. एक वाचून पाहा: ‘मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली नाही, हे विधान खरे नाही असे म्हणणे चूक ठरेल काय?’ माझी मातृभाषा कोंकणी. कोंकणीत ‘ना’ म्हणजे सरळ नकार. मराठीत ‘येतोस ना?’ म्हणताना तोच ‘ना’ होकाराची वाट पाहतो. इंदूरला आल्यावर या एका अक्षराने मला पुष्कळदा चकविले. म्हणूनच नकारांची अशी माळ पाहिली की मला त्या मुलांची आठवण होते, ज्यांना इतिहास येतो पण वाक्याच्या गुंत्यात जे हरतात. प्रश्न सरळ करून पाहावा: ‘मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी कोठे आली?’ सरळ केल्यावर सारी अडचण नाहीशी झाली, तर ती केवळ शब्दांत होती. हा प्रश्न मी सरळ रूपात परत घेतला. उरलेले दोन टाकले. ‘पुत्राच्या पित्याच्या पित्याचे’ निधन विचारणारा प्रश्न सरळ केला, तो मल्हाररावांच्या प्रश्नाचाच जुळा निघाला. ‘होळकरांची राजधानी कोणती?’ याला काळ न सांगितल्यामुळे महेश्वर व इंदूर ही दोन्ही उत्तरे बरोबर ठरत होती; आणि काळ घातला, तर तो आधीच्याच प्रश्नाची नक्कल होई.

आमचे एक सहकारी म्हणाले, ‘‘बाई, स्पर्धा परीक्षांत असेच फसवे प्रश्न येतात, मुलांना सवय नको का?’’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु अवघड आणि फसवा यांत भेद आहे. घरातील तीन मृत्यू कोणत्या क्रमाने घडले, हा याच संचातला प्रश्न अवघड आहे. तीन मुद्दे जुळवावे लागतात. तो मी आनंदाने ठेवला. उतारा नीट समजलेला विद्यार्थी सावकाश वाचूनही जेथे चुकतो, तो प्रश्न उताऱ्याची परीक्षा घेत नाही.

अशा रीतीने वीसांतले नऊ उरले. मग क्रमांकांची यादी पुन्हा पाहिली, तेव्हा दोन क्रमांकांपुढे एकही प्रश्न नव्हता: तुकोजींवर सोपविलेले सैन्य आणि महेश्वरचे विणकर. वीस प्रश्नांत राजधानी पुन्हा पुन्हा विचारली गेली, विणकर एकदाही नाही! हा दोष कोणताही एक प्रश्न वाचून दिसत नाही, यादी समोर असली तरच दिसतो. ते दोन प्रश्न मी हाताने लिहिले आणि संच अकराचा झाला.

क्रमही ध्यानात ठेवावा. आधी उताऱ्याचा आधार, मग पुनरुक्ती, मग शब्दयोजना आणि शेवटी राहिलेले मुद्दे. पुनरुक्ती आधी काढली, तर जुळ्यांतला आधार नसलेलाच नेमका हाती राहण्याचा संभव असतो.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. मूळ उताऱ्यातच चूक असेल तर ती या चाळणीतून खुशाल पार होईल. त्यासाठी उतारा लिहिणाऱ्यानेच पुस्तक उघडले पाहिजे. मात्र काशीचा प्रश्न मनात राहिला असेल, तर तो टाकून द्यायचे कारण नाही. उताऱ्यात काशीचे एक वाक्य घाला, त्याला अकरावा क्रमांक द्या, आणि मग तो प्रश्न खुशाल विचारा.