पुस्तकात पाच, पेल्यात पंधरा

‘समजा’ या शब्दावर माझा राग आहे, हे या स्तंभाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. या आठवड्यात त्या रागाला जांब समर्थहून खुराक मिळाला. तिथल्या एका वाचकांचा मुलगा अकरावीत आहे. मुलाने ऊर्ध्वपातित पाण्यात जिप्समची शुद्ध पूड दोन दिवस ढवळली, गाळली आणि ईडीटीएने कॅल्शियम मोजलं. लिटरला १५ मिलिमोल आलं, म्हणजे अडीच ग्रॅमहून थोडं जास्त जिप्सम. पुस्तकातला विद्राव्यता गुणाकार २.६ × १०⁻⁵ आहे. त्याचं वर्गमूळ काढलं की ५ मिलिमोल येतात. तिप्पट फरक! मास्तरांनी ‘प्रयोगात चूक’ असा शेरा मारून दोन गुण कापले.

चूक प्रयोगात नाही, वर्गमुळात आहे. ते वर्गमूळ ‘समजा द्रावण आदर्श आहे’ एवढ्या भांडवलावर उभं असतं. जिप्सम विरघळलं की पाण्यात दोन धन भाराचे कॅल्शियम आणि दोन ऋण भाराचे सल्फेट आयन मोकळे होतात. प्रत्येक कॅल्शियमच्या अवतीभवती सरासरीने ऋण भार थोडा जास्त जमतो, सल्फेटभोवती धन. रामनवमीच्या गर्दीत चुकलेल्या मायलेकरांसारखी त्यांची गत होते. ओढ असते, पण मध्ये माणसं असतात. भार असे झाकले गेले की आयन स्फटिकाकडे परतायला कमी उत्सुक राहतात, म्हणून आणखी जिप्सम विरघळतं. आयन प्रत्यक्षात किती आहेत ती संहती. त्यातले जणू किती कामावर हजर आहेत ती सक्रियता. आणि दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे सक्रियता गुणांक.

गर्दी मोजायची कशी? लुईस आणि रँडल यांनी १९२१ साली आयनिक सामर्थ्याची व्याख्या दिली. प्रत्येक आयनाची संहती त्याच्या भाराच्या वर्गाने गुणायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि निम्मी घ्यायची. वर्गामुळे दोन भाराचा आयन एक भाराच्या आयनाच्या चौपट धरला जातो. १९२३ मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी या संख्येवरून गुणांक काढायची वाट दाखवली. त्या पेल्यातलं सामर्थ्य साधारण ०.०४ भरतं, आणि सुधारित सूत्राने गुणांक ०.४८ येतो. ५ ला ०.४८ ने भागा, मोकळे आयन १० ते ११ मिलिमोल होतात. उरलेले ५ कुठून आले? काही कॅल्शियम आणि सल्फेट विरघळूनही हातात हात धरून जोडीनेच फिरतात. बेरीज १६. पोराने मोजले १५. अकरावीच्या प्रयोगशाळेत याहून जवळ कोण येतं?

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. त्याच पेल्यात कॅल्शियमचा इलेक्ट्रोड बुडवला, तर तो ५ च्या आसपासच आकडा दाखवेल. ईडीटीए जोडीतल्या कॅल्शियमलाही ओढून काढतं, म्हणून ते एकूण मोजतं. इलेक्ट्रोडला फक्त सक्रियता जाणवते. पेला एक, आकडे दोन, दोन्ही खरे. आता लिटरला ५.८ ग्रॅम शुद्ध मीठ घालून तेच करा. सोडियम आणि क्लोराइडचा जिप्समशी काही संबंध नाही, फक्त गर्दी वाढते. गुणांक ०.३३ वर उतरतो. ईडीटीएचा आकडा १५ वरून २० च्या आसपास चढतो, इलेक्ट्रोड मात्र ५ वरच ठाम. म्हणजे संहतींच्या गुणाकाराला ‘स्थिरांक’ म्हणाल, तर चिमूटभर मिठाने तो जवळजवळ दुप्पट सरकतो. सक्रियतांचा गुणाकार जागचा हलत नाही.

चोपण जमिनीत जिप्सम टाकणाऱ्यांनी मात्र यावरून खारट विहिरीचं पाणी वरदान समजू नये. पाण्यात आधीच सल्फेट किंवा कॅल्शियम असेल, तर समान आयन विरघळणं उलट रोखतो. निव्वळ मिठाच्या पाण्यातही विद्राव्यता लिटरला दीडशे ग्रॅम मिठाच्या आसपास कळस गाठते, साध्या पाण्याच्या तिपटीहून जास्त होते आणि मग उतरते. हे सोपं सूत्र त्याच्या कितीतरी आधी, सामर्थ्य ०.५ च्या पुढे गेलं की भरवशाचं राहत नाही. तिथे पिट्झरची लांबलचक समीकरणं लागतात.

मार्गदर्शक पुस्तकं काढणाऱ्यांना हे सगळं ठाऊक नसेल असं मी म्हणत नाही. छापायला कागद लागतो, आणि ‘समजा’ तीन अक्षरांत उरकतं. मास्तरांना मात्र एक विनंती आहे. पुढच्या तासाला दोन पेले घ्या, एकात मीठ घाला, स्वतः ईडीटीए टाका आणि त्या मुलाचे दोन गुण परत करा.