विश्लेषण : मक्याला तुरा दिसला, पण कणसाला केस आले का? फोटोवरून पिकाची अवस्था कशी ठरते?

पीकविम्याच्या कामात आता शेताच्या फोटोंना महत्त्व आले आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या ‘क्रॉपिक’ उपक्रमात एका हंगामात पिकाचे चार-पाच वेळा फोटो घ्यायचे आणि पीक कोणते, ते कोणत्या अवस्थेत आहे, नुकसान किती, हे संगणकीय प्रणालीने सांगायचे, अशी कल्पना आहे. यातला ‘अवस्था’ हा भाग वाटतो तितका सोपा नाही. मक्याचे उदाहरण घेतले तर अडचण लगेच लक्षात येते.

प्रणाली फोटोत नेमके काय पाहते?

हजारो फोटोंवर जाणकारांनी आधी ‘पोंगा’, ‘तुरा’, ‘दुधाळ दाणा’ अशी अवस्था लिहून दिलेली असते. त्यावरून प्रणाली रंग, आकार आणि पानांची ठेवण शिकते. तुरा हिरव्या पानांच्या वर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो, त्यामुळे तो ओळखण्यात चूक कमी होते. त्याआधीच्या काळात मात्र मक्याची अवस्था पानांवरून मोजतात. ज्या पानाचा खोडाशी असलेला सांधा पूर्ण उघडा दिसतो, तेच पान मोजायचे असा नियम आहे. पोंग्यातली, अजून न उलगडलेली पाने यात धरत नाहीत. वरून काढलेल्या फोटोत हे सांधे दिसतच नाहीत. शिवाय झाड गुडघ्याच्या वर गेले की खालची पाने सुकून गळू लागतात. दहा पानांच्या अवस्थेतले झाड मग फोटोत सात पानांचे दिसते. शेतात उभा असलेला जाणकार अशा वेळी खोड उभे चिरून पेरे मोजतो. पहिले लांबलेले पेर बहुतेक वेळा चौथ्या आणि पाचव्या गाठीच्या मध्ये असते, तिथून वर मोजले की गळालेल्या पानांचाही हिशेब लागतो. कॅमेऱ्याला ही सोय नाही.

तुरा दिसला की फुलोरा झाला, असे का म्हणता येत नाही?

खरी मेख इथे आहे. समजा, २५ जूनला पेरलेला मका आहे आणि ऑगस्टच्या सुरुवातीपासून पाऊस नाही. १७ ऑगस्टला, म्हणजे ५३व्या दिवशी, बांधावरून फोटो काढला. तुरे बाहेर आलेले आहेत. प्रणाली ‘फुलोरा’ असे नोंदवते आणि तारीखही जुळते. कागदावर सारे ठीक!

पण तुऱ्यातून परागकण पडू लागल्यावर साधारण एक ते तीन दिवसांत कणसाचे केस बाहेर यायला हवेत. पाण्याचा ताण पडला की तुरा जवळपास वेळेवर येतो, केस मात्र लांबतात, कधी आठवडाभर किंवा अधिक. एका तुऱ्यातून पराग साधारण आठवडाभरच पडतात. प्रत्येक केस एका दाण्याशी जोडलेला असतो, त्यामुळे पराग न मिळालेल्या केसाचा दाणा भरत नाही आणि कणसाचा शेंडा रिकामा राहतो. म्हणजे ‘फुलोरा’ हे उत्तर चुकीचे नाही, पण नुकसानीची सगळ्यात मोठी खूण त्यात हरवते. दूरच्या फोटोत झाडाच्या मध्यावरचे कणीस पानांआड असते, ते पाहायला जवळ जावेच लागते.

पेरणीची तारीख जोडली तर?

अंदाज सुधारतो, कारण प्रणाली अशक्य उत्तरे गाळते. मात्र तारखेवर फार भिस्त ठेवली, तर ताणामुळे मागे पडलेले पीकही ‘वेळेवर’ दिसते. नुकसान मोजायचे तर हा उशीरच पकडायला हवा. म्हणून एकाच जागेचे, आठवड्याच्या अंतराने घेतलेले दोन फोटो एका फोटोपेक्षा जास्त बोलतात.

दाणे भरण्याचा काळ तर आवरणाखालीच जातो. केस तपकिरी झाल्यावर पुढे कित्येक दिवस झाड बाहेरून सारखेच दिसते. दाणा दुधाळ आहे की पिठूळ, हे कणीस सोलून, मधोमध मोडून, त्या तुकड्याचा फोटो घेतला तरच कळते. पक्व दाण्याच्या तळाशी काळा थर दिसतो, ही तर नखाने दाणा काढून पाहण्याची खूण.

गव्हातही तेच. १८ ते २१ दिवसांची मुकुटमुळे फुटण्याची अवस्था पाण्यासाठी सर्वात महत्त्वाची, आणि ती घडते जमिनीखाली. फुटवे वरच्या फोटोत एकमेकांत मिसळतात.

फोटो घेताना काय करावे?

मक्यासाठी तीन फोटो उपयोगी पडतात : संपूर्ण झाड बाजूने, कणसाचा भाग पाने बाजूला करून, आणि दाणे भरताना मोडलेले कणीस. बांधाजवळची झाडे घेऊ नयेत. तिथे ऊन आणि पाणी वेगळे मिळते. शेताच्या आत जाऊन चार-पाच ठिकाणची झाडे पाहावीत, आणि निम्म्याहून अधिक झाडे ज्या अवस्थेत असतील तीच शेताची अवस्था धरावी.