सोपाऱ्याचा शिलालेख आणि पाटलीपुत्राचा कारभार

दादरहून विरारची गाडी पकडली की तासाभरात नालासोपारा येते. तेथील जुन्या सोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली स्तूपाचे उत्खनन केले आणि त्याच वर्षी त्यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे 1956 मध्ये जवळच्याच भुईगावी नवव्या लेखाचा तुकडा सापडला. आठव्या लेखाचा तुकडा आज काळाघोड्याजवळील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिलाही असेल. परंतु पाटलीपुत्राहून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या या बंदरापर्यंत राजाचा शब्द पोहोचला कसा, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

त्याचे उत्तर कर्नाटकातील ब्रह्मगिरीच्या लेखात सापडते. तेथे राजाची आज्ञा थेट येत नाही. सुवर्णगिरी येथील राजपुत्र व त्याचे महामात्र इसिला येथील महामात्रांचे आधी क्षेमकुशल विचारतात आणि मग आज्ञा सांगतात. म्हणजे आज्ञा राजधानीतून प्रांताकडे, प्रांतातून जिल्ह्याकडे अशी टप्प्याटप्प्याने जात असे. गंमत अशी, की लेख लिहिणाऱ्या चपडाने आपल्या हुद्द्याचा शब्द वायव्येकडील खरोष्ठी लिपीत लिहिला आहे. गांधाराकडील लिपी शिकलेला कारकून कर्नाटकात नोकरी करीत होता, ही साधी गोष्ट साम्राज्याच्या विस्ताराविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

असे कारकून व अधिकारी ज्या वाटांनी जात, त्यांच्या कडेने वड लावल्याचे, आंबराया उठवल्याचे, विहिरी खोदल्याचे आणि विसाव्याची ठिकाणे केल्याचे अशोक सातव्या स्तंभलेखात सांगतो. यात भूतदया आहेच. पण सावली व पाणी नसलेल्या वाटेने सरकारी माणूसही वेळेवर पोहोचत नाही, हेही ध्यानी घ्यावे. या साऱ्याचा खर्च शेतकऱ्याच्या पिकातून निघे. लुंबिनी गावाचा ‘बलि’ हा कर अशोकाने माफ केला आणि पिकातील राजाचा हिस्सा एक-अष्टमांशावर आणला. बुद्धाच्या जन्मस्थानालाही सारा पूर्ण माफ झाला नाही, यावरून या उत्पन्नाची गरज किती होती ते कळते. सौराष्ट्रात चंद्रगुप्ताचा अधिकारी पुष्यगुप्त याने सुदर्शन तलाव बांधला आणि अशोकाच्या काळी यवन तुषास्फ याने त्याला कालवे जोडले. राज्य पाणी पुरवी आणि पिकातला वाटा घेई.

अहिंसेने साम्राज्य दुबळे झाले, असे विद्वानही लिहीत आले आहेत. आम्हांस ते पटत नाही. सैन्य मोडल्याचा उल्लेख अशोकाच्या एकाही लेखात नाही. उलट, कलिंगाविषयी पश्चात्ताप व्यक्त करणारा तेरावा लेखच अरण्यातील जमातींना बजावतो, की राजा अनुतप्त असला तरी त्याच्या अंगी दंड देण्याचे सामर्थ्य आहे. देहदंडही त्याने रद्द केला नाही, फक्त शिक्षा ठरलेल्यांस तीन दिवसांची मुदत दिली.

खरे दुखणे होते ते दूरच्या अधिकाऱ्याचे, आणि अशोकाला ते ठाऊक होते. ओडिशातील धौली येथे तेराव्या लेखाऐवजी तोसलीच्या महामात्रांना उद्देशून वेगळे लेख कोरले आहेत. माणसे विनाकारण बंदीत पडतात, त्यांचा छळ होतो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. मत्सर, क्रोध, निष्ठुरता, उतावळेपणा, आळस आणि थकवा हे अधिकाऱ्याचे दोष तेथे एकेक करून मोजले आहेत. हा लेख तिष्य नक्षत्रावर लोकांना वाचून दाखवावा, एरवी एकटा माणूस ऐकणारा असला तरी त्यालाही ऐकवावा, अशी आज्ञा आहे. ज्याच्यावर अन्याय होऊ शकतो, त्यालाच अधिकाऱ्याचे कर्तव्य काय ते कळवण्याची ही तजवीज होती.

यापुढची व्यवस्था अधिक बोलकी आहे. कलिंगाच्या तपासणीसाठी दर पाच वर्षांनी सौम्य स्वभावाचा महामात्र राजा स्वतः पाठवणार होता. उज्जैन व तक्षशिलेच्या बाबतीत मात्र तिथल्या राजपुत्रांनीच आपली माणसे धाडायची होती आणि तीन वर्षांहून अधिक काळ जाऊ द्यायचा नव्हता. म्हणजे तेथे ज्याच्या प्रांताची तपासणी व्हायची, तपासनीसही त्याचाच. प्रतिवेदकांनी केव्हाही येऊन बातमी द्यावी, असे सहावा लेख सांगतो खरा, परंतु तक्षशिलेहून पाटलीपुत्राला बातमी पोहोचायला कित्येक आठवडे लागणार.

‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथातील एक कथा येथे आठवते. ती बरीच नंतरची आहे, म्हणून तिला पुरावा मानता येणार नाही. बिंदुसाराच्या काळी तक्षशिला उठली, तेव्हा कुमार अशोक सैन्य घेऊन गेला. नगरजन सामोरे आले आणि म्हणाले, आमचे वैर राजाशी नाही, कुमाराशी नाही, आम्हांला छळतात ते दुष्ट अमात्य.