एकोणतीस तारखेचे दूध

मा. संपादक,


आपल्या अंकातील, खानदेशातल्या एका दूध संस्थेवरची कथा वाचली. संस्थेचा बिलाचा प्रोग्राम एरवी बिनतक्रार चालतो, फक्त २९ फेब्रुवारीला अडतो. शेवटी सचिव त्या दिवसाची बिले हाताने लिहितात आणि ‘चार वर्षांतून एकदाच तर’ म्हणून विषय मिटवतात. बिघाड अगदी शक्य कोटीतला आहे. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूझीलंडमध्ये अनेक स्वयंचलित पेट्रोल पंपांवर कार्डाने पैसे घेणे बंद पडले, त्याचे कारण हेच होते. सचिवांनी काढलेला मार्ग मात्र मला घातक वाटतो. जळगाव-धुळ्याच्या संस्थांनी तो धरू नये, यासाठी हे पत्र.

दूध संस्थेत बिल दहा दिवसांनी निघत असेल, तर १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असे तीन भाग पडतात. तिसऱ्या भागाची शेवटची तारीख कॅलेंडरवरून काढण्याऐवजी प्रोग्राम लिहिणाऱ्याने फेब्रुवारीसाठी ‘२८’ असा आकडाच लिहून ठेवला, की दोष तयार झाला. कथेतला प्रोग्राम त्या तारखेला अडतो, हे संस्थेचे नशीबच म्हणायचे, कारण अडले की निदान कळते तरी. खरा धोका न अडणाऱ्या प्रोग्रामचा आहे. तो २९ तारखेचे सकाळ-संध्याकाळचे दूध नोंदवून घेतो, पावतीही देतो, पण बिल काढताना २८ पर्यंतचीच बेरीज करतो. २९ तारीख एका बिलात बसत नाही आणि १ मार्चपासूनच्या पुढच्या बिलातही येत नाही. समजा, शंभर सभासद रोज सरासरी दहा लिटर दूध घालतात आणि भाव ३५ रुपये आहे. एका दिवसाचे ३५ हजार रुपये झाले. संघाने नऊ दिवसांच्या दुधाचे पैसे दिले, सभासदांना आठ दिवसांचे मिळाले. फरक संस्थेच्या खात्यात वाढावा म्हणून दिसतो. एका सभासदाचे ३५० रुपये ढेपेच्या आणि उचलीच्या कपातीत सहज झाकले जातात. ओळखण्याची खूण एकच: २१ ते २९ तारखांची संकलन वहीतली लिटरची बेरीज आणि सगळ्या बिलांतली बेरीज शेजारी मांडावी. फरक बरोबर एका दिवसाच्या संकलनाएवढा निघाला, तर दूध नासले-सांडले नसून तारीख गळाली आहे.

‘मग हाताने बिल लिहिले तर बिघडले काय?’ असे कोणी विचारेल. लिहिता येते, पण त्या दिवसाची कपात आणि बाकी प्रोग्राममध्ये जात नाही. पुढच्या बिलात जुनीच बाकी उमटते आणि लेखापरीक्षणात वही व संगणक यांचा मेळ बसत नाही. शिवाय ज्या चुकीमुळे २९ तारीख अडली, तिची भावंडे दुसरीकडे असू शकतात. १९९६ च्या ३१ डिसेंबरला न्यूझीलंडच्या टिवाई पॉइंट येथील ॲल्युमिनियम कारखान्याचे संगणक बंद पडले, कारण वर्षाला ३६६ वा दिवस असू शकतो हे प्रोग्राममध्ये धरलेलेच नव्हते. तिथे २९ फेब्रुवारी विनातक्रार पार पडली आणि दोष दहा महिन्यांनी वर आला. उचलीवर व्याज लावणाऱ्या संस्थेने म्हणूनच फेब्रुवारी ओलांडली की निश्चिंत होऊ नये.

दुसरा आक्षेप खर्चाचा. नवा प्रोग्राम घ्या असे मी म्हणत नाही. तपासणीला एक दुपार पुरते. माहितीची प्रत दुसऱ्या संगणकावर घ्यावी. चालू संगणकाची तारीख कधीही बदलू नये, नाहीतर खऱ्या नोंदींवर २०२८ साल पडेल. प्रतीवर २९/०२/२०२८ ही तारीख लावून दोन सभासदांचे दोन्ही वेळचे दूध भरावे, १ मार्चचेही भरावे आणि दोन्ही बिले काढून कागदावरच्या हिशेबाशी ताडावीत. मग ३१ डिसेंबर २०२८ लावून व्याजाचे दिवस मोजावेत. चूक निघाली तर दुरुस्ती प्रोग्राम देणाऱ्याने करायची, आणि तसे कलम वार्षिक देखभाल करारात हवे. प्रोग्राम देणारा म्हणेल, लीप वर्षाचा नियम गुंतागुंतीचा आहे. शतकाच्या वर्षांपुरता तो तसा आहेही, पण असे पुढचे वर्ष २१०० आहे. तोवर चारने भाग जाणे एवढी कसोटी पुरते.

राहिला ‘आमच्या काळात येणार नाही’ हा युक्तिवाद. संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची असते आणि २१०० पर्यंत कोणत्याही सलग पाच वर्षांत एक तरी २९ फेब्रुवारी येतेच. पुढची मंगळवारी, २०२८ साली आहे. त्याआधीची शेवटची वार्षिक सभा सप्टेंबर २०२७ अखेरपर्यंत व्हायची आहे; तिच्या विषयपत्रिकेवर या तपासणीचा अहवाल, दोन्ही बिलांच्या प्रतींसह, सभासदांनी मागून घ्यावा.

आपला,
एक वाचक, धुळे