सोफा सगळ्यात शेवटी

नव्या घरात आधी काय घ्यावं, यावर आमच्या घराण्यात सध्या दोन तट पडलेत. भाच्याने मोशीला वन बीएचके घेतलाय. गृहकर्जाचा हप्ता सुरू झालाय आणि सामानासाठी हातात आहेत मोजून दोन लाख. ताईचं म्हणणं, "माणसं येणार, बसायला सोफा नको का?" तिचं चुकीचं नाही, पण माझं मत उलटं आहे. (ताई, हे वाचते आहेस हे मला माहीत आहे. फोनवर भांडू.)

माझं म्हणणं एवढंच की खरेदीचा क्रम धुळीवरून ठरवावा. ज्या कामाला भिंतीला भोक पाडावं लागतं ते आधी. खिडक्यांच्या जाळ्या, पडद्यांचे रॉड, गिझर, पंखे, कपडे वाळत घालायच्या दांड्या. ड्रिल मशीन चाललं की सिमेंटची बारीक पूड घरभर बसते, आणि ती नव्या गादीत शिरली की निघत नाही. शिवाय जाळी नसेल तर पहिल्याच रात्री डासांमुळे उठून बसाल, सोफा नसल्यामुळे नाही! भाच्याचा या सगळ्याचा हिशोब ३६ हजारांवर गेला. पंखे त्याने बीएलडीसी घेतले. साधा पंखा ७०-७५ वॅट खातो, हा फुल स्पीडला साधारण ३० वॅट. थोडे महाग पडतात, पण पंखा रोज चालणारी वस्तू आहे.

त्याआधी मी त्याला २० हजार वेगळे काढून ठेवायला लावले. टेम्पो, हमाल, प्लंबर, एक्स्टेंशन बोर्ड, गिझरच्या नळ्या, बादल्या, झाडू. या गोष्टी कुणी यादीत लिहीत नाही, पण पैसे मात्र खातात.

मग झोपणं. इथे खरी गंमत झाली. दोघांना साडेसहा बाय सहा फुटांचा किंग साइझ पलंग हवा होता. बेडरूम १० बाय १०. मी म्हटलं, आधी वर्तमानपत्रं अंथरा. पलंगाच्या मापाची रद्दी जमिनीवर पसरली, एक बाजू भिंतीला लावून. उरले ४ फूट. समोरच्या भिंतीला कपाट येणार, त्याची खोली २ फूट. म्हणजे चालायला राहिले २ फूट, आणि कपाटाचं दार उघडलं की त्यातले दीड फूट गेले. भाचेसून त्या फटीत उभी राहून बघत होती. "मावशी, साडी काढायची तर पलंगावर चढावं लागेल," म्हणाली. पाच फुटी पलंग ठरला, एक फूट जागा आणि थोडे पैसेही वाचले. पलंग साधा घेतला, गादीवर मात्र हात आखडला नाही. पलंग आणि गादी मिळून ३० हजार.

फ्रिज आणि वॉशिंग मशीन ४१ हजार. शेगडी, मिक्सर, भांडी त्यांच्याकडे भाड्याच्या घरातली आहेतच. दुकानदार बिनव्याजी हप्त्यांचा आग्रह करत होता. त्यात बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी असते, कार्डावर असेल तर व्याजाच्या रकमेवर जीएसटी लागतो, आणि रोखीची सूटही सुटते. एक हप्ता चालू असताना दुसरा कशाला? रोख दिले.

वॉटर प्युरिफायर मात्र मी थांबवला. सगळे डोळे मिटून आरओ घेतात. पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर क्षारांसाठी आरओची गरज नसते. जंतूंसाठी यूव्हीचा पुरतो. आरओ वर बरंचसं पाणी मोरीत सोडतो. धरणाचं पाणी सहसा या मर्यादेच्या बरंच आत असतं, पण नव्या सोसायट्यांत अनेकदा टँकर किंवा बोअरचं येतं, आणि ते दर आठवड्याला वेगळं असू शकतं. टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. महिनाभर मोजा, तोवर उकळून प्या.

आता बेरीज. २० आणि ३६, त्यात ३० आणि ४१. झाले १ लाख २७ हजार. उरलेल्या ७३ हजारांना तीन महिने हात लावायचा नाही, असं ठरलंय. तेवढ्यात कळतं की दुपारचं ऊन हॉलच्या कुठल्या भिंतीवर येतं, जेवण ओट्याशी होतं की जमिनीवर, आणि पाहुणे खरंच किती येतात. कपाटालाच यातले बरेच जातील. तोवर कपडे बॅगांत.

हॉलमध्ये सध्या सतरंजी, दोन तक्के आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. परवा आठ माणसं जेवली. सोफ्याची रद्दी अंथरून झाली आहे. तीन जणांचा मावतो, एल आकाराचा बाल्कनीचं दार अडवतो. ताई अजून एलवरच अडून आहे.