जुनी गोळी बंद केली का?

आई किंवा वडिलांना रुग्णालयातून घरी आणले की औषधे आणायचे काम बहुधा घरातल्या तरुण मुलामुलींवर येते. तोवर त्यांनी तापाच्या गोळीपलीकडे काही विकत घेतलेले नसते. हातात डिस्चार्ज कार्ड, त्यावर पाच-सहा अनोळखी नावे आणि मागे उभी असलेली रांग. चिठ्ठी पुढे करायची, पैसे द्यायचे, पिशवी घेऊन निघायचे, एवढ्यावर व्यवहार संपतो. रुग्ण मधुमेही असेल, तर या घाईत न विचारलेला एक प्रश्न जिवावर बेतू शकतो. घरी आधीपासून कोणती गोळी चालू आहे? तो विचारला गेला तर बोलणे कसे होईल, याचा एक कल्पित नमुना पुढे दिला आहे. गोळ्या आणि मात्रा मात्र रोज विकल्या जाणाऱ्याच आहेत.

फार्मासिस्ट : या दादा, चिठ्ठी बघू. कुणासाठी?

ग्राहक : आईसाठी, ताई. मी पहिल्यांदाच घेतोय, काही चुकायला नको. तापानं ॲडमिट होती, काल सोडलं. शुगर वाढली म्हणून गोळी दिलीय.

फार्मासिस्ट : आधीची बदलून ही दिलीय, की आधीचीही चालू ठेवायचीय?

ग्राहक : सांगितलं असेल, पण तेव्हा माझं लक्षच नव्हतं. गावातल्या डॉक्टरांची एक चालू आहे. डब्याचा फोटो आणलाय. नाव वेगळंच आहे पण.

फार्मासिस्ट : कंपनीनं ठेवलेलं नाव सोडा. आत काय आहे ते वाचा.

ग्राहक : ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन 500.

फार्मासिस्ट : आता ही नवी वाचा.

ग्राहक : ग्लिमेपिराइड 2, मेटफॉर्मिन 500... म्हणजे औषध तेच?

फार्मासिस्ट : तेच, मात्रा वाढवलेली. आज आईंनी काय घेतलं?

ग्राहक : सकाळी जुनी घेतली. नवी रात्री द्यावी म्हणत होतो.

फार्मासिस्ट : थांबा, आज काही देऊ नका. डॉक्टरांना विचारते. (फोनवर बोलून) जुनी बंद करायचीय. नवी उद्यापासून, दिवसातून एकदा, सकाळी नाश्ता समोर आला की. जुनं पाकीट डब्यातून आजच बाहेर काढा.

ग्राहक : तापानंतर तिला जेवण जात नाही. नाश्ता केलाच नाही तर?

फार्मासिस्ट : खाणार नसतील तर गोळी देऊ नका, डॉक्टरांना कळवा. आणि एखादी वेळ चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत.

ग्राहक : गोळी मोठी दिसतेय. मोडून दिली तर चालेल?

फार्मासिस्ट : नाही. पाकिटावर एसआर लिहिलंय बघा. आतलं मेटफॉर्मिन हळूहळू सुटावं म्हणून ती तशी बनवलेली असते. मोडली किंवा कुटली तर सगळं एकदम सुटतं.

ग्राहक : शुगर उतरली हे मला कळणार कसं?

फार्मासिस्ट : घाम फुटेल, हात थरथरतील, एकदम भूक लागेल. नाहीतर आई काहीतरी असंबद्ध बोलतील. घरी मशीन असेल तर लगेच तपासा. 70च्या खाली असेल तर 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा बघा. मशीन नसेल तर तपासायला थांबू नका, साखर द्या. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

हे सारे बोलणे, मधला फोन धरूनही, पाचेक मिनिटांचे आहे. ते झाले नसते, तर आईच्या पोटात दिवसाला 3 मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड गेले असते, आणि तेही जेवण निम्म्यावर आलेले असताना. दोन डॉक्टरांनी दिलेल्या दोन गोळ्या, दोन वेगळी नावे, दोन वेगळ्या रंगांची पाकिटे. त्यात एकच औषध आहे, अशी शंका घरातल्या कोणाला यावी असे काही नसते.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. समोर ताट आले आहे की नाही, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. त्याचा परिणाम साधारण दिवसभर टिकतो, म्हणून साखरपाण्याने माणूस सावरला तरी काही तासांनी साखर पुन्हा उतरू शकते. चुकून जास्त गोळी गेली असेल, तर बरे वाटले म्हणून घरी थांबून चालत नाही, दाखवायलाच हवे. उतारवयात मूत्रपिंडे मंदावलेली असली तर औषध शरीरात आणखी रेंगाळते. यातले सर्वांत फसवे लक्षण असंबद्ध बोलण्याचे. आजी आज काहीतरीच बोलतात, वयच झाले, असे म्हणून घरचे त्यांना झोपवतात. गोळी घेणाऱ्या माणसाचे वागणे अचानक बदलले, तर आधी साखर बघावी.

नावांचा गोंधळ ओळखायची एक सोय पाकिटावरच असते. मधुमेहाच्या अनेक जोडगोळ्यांच्या नावात ‘एम’ आणि एक आकडा असतो. एम म्हणजे मेटफॉर्मिन आणि आकडा ग्लिमेपिराइडचा. म्हणजे एम 1 मध्ये ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम, एम 2 मध्ये 2. पुढे ‘फोर्ट’ असेल तर मेटफॉर्मिन बहुधा 500 ऐवजी 1000 असते. प्रत्येक कंपनी हाच रिवाज पाळेल असे नाही, त्यामुळे शेवटचा शब्द घटकांच्या नावांचाच. पाकीट कापून सुट्या गोळ्या घेतल्या की नेमकी हीच नावे आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहते. महिनाभर चालणाऱ्या औषधाचे म्हणूनच पूर्ण पाकीट घ्यावे.

वरच्या संवादातल्या ताईंनी जुनी गोळी स्वतःच्या अधिकारात बंद केली नाही, हेही महत्त्वाचे आहे. तो निर्णय डॉक्टरांचा. चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी, घटक तोच असला तरी, दुसरे औषध परस्पर देण्याची मुभाही औषध नियम दुकानदाराला देत नाहीत. मात्र रुग्णाला समजावून सांगणे हा फार्मासिस्टचा उपकार नव्हे. 2015च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी ते त्याच्या कामातच घातले आहे. औषध कशासाठी, कसे आणि किती दिवस घ्यायचे, कोणत्या त्रासावर लक्ष ठेवायचे, वेळ चुकली तर काय करायचे, हे नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः सांगायचे आहे. ज्या दुकानात भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे असते आणि गोळ्या दुसराच कोणी काढून देतो, तिथे हे बोलणे होणार कसे? अन्न व औषध प्रशासनाने तपासणीत कपाटे आणि बिले पाहावीत, तसे काउंटरमागे कोण उभे आहे हेही पाहिले पाहिजे.

पण सगळा भार दुकानावर टाकणे योग्य नाही. चूक जन्माला येते ती रुग्णालयाच्या दारात. डिस्चार्ज कार्डावर नव्या औषधांची यादी ठळक असते. जुन्या औषधांचे काय करायचे, याला अनेकदा जागाच नसते. दाखल होताना रुग्णाच्या चालू गोळ्या लिहून घेतलेल्या असतात. घरी सोडताना त्याच यादीतल्या प्रत्येक नावापुढे ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘मात्रा बदलली’ एवढे मराठीत लिहून द्यावे. त्याला नवे यंत्र लागत नाही की वेगळा निधी. राज्यातल्या सरकारी रुग्णालयांनी आपल्या छापील कार्डावर हा रकाना आधी आणावा, आणि खासगी रुग्णालयांकडून आरोग्य विभागाने तो भरून घ्यावा.