पाहुण्याचे नाव आणि नोंदवहीची लिपी

विदेशी पाहुण्याचे नाव मराठीत कसे लिहावे, हा प्रश्न वरवर पाहता शुद्धलेखनाचा वाटतो. माझ्या मते तो अभिलेखांचा प्रश्न आहे. दिल्लीत कोपर्निकस मार्गावर, आणि २०१३ पासून कस्तुरबा गांधी मार्गावरही, महाराष्ट्र सदन उभे आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे आणि मराठी ही राज्याची राजभाषा आहे. साहजिकच राज्याच्या अतिथिगृहाची नोंदवही मराठीत असावी, असा आग्रह धरला जातो आणि तो मला रास्त वाटतो. परंतु पारपत्र रोमन लिपीत, नोंदवही देवनागरीत आणि स्वागतकक्षावरील कर्मचारी बहुधा हिंदीभाषक, अशी तिहेरी गाठ जेथे पडते, तेथे केवळ आग्रहाने काम भागत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, य्योर्ग म्युलर नावाचे जर्मन गृहस्थ एका शिष्टमंडळासोबत येणार आहेत. त्यांच्या पारपत्रावर छायाचित्राशेजारी MÜLLER आणि JÖRG असे छापलेले असते. त्याच पानाच्या तळाशी यंत्राने वाचावयाच्या दोन ओळी असतात. त्यांतील पहिली अशी :

```
P<D<<MUELLER<<JOERG<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजानुसार या ओळींत A ते Z ही अक्षरे, अंक आणि < हे चिन्ह, एवढेच चालते. त्यामुळे Ü चे UE आणि Ö चे OE होते. म्हणजे एकाच पानावर एका माणसाची दोन स्पेलिंगे असतात आणि दोन्ही अधिकृत असतात. त्यातच शिष्टमंडळाच्या सचिवाने ई-मेलमध्ये Jorg Muller असे तिसरेच रूप लिहिलेले असते.

आता आरक्षण घेणारा लिपिक ई-मेल पाहून ‘जॉर्ग मुलर’ लिहितो. आगमनाच्या रात्री दुसरा कर्मचारी पारपत्राची तळओळ पाहून ‘जोएर्ग म्युएलर’ लिहितो. नोंदवहीत या नावाचे आरक्षण सापडत नाही, म्हणून तो नवी नोंद करतो. सकाळी कागदावर दोन पाहुणे दिसतात. एक आलाच नाही आणि त्याची खोली रिकामी राखलेली आहे. दुसरा आरक्षणाविना आला आहे. पुढे विदेशी नागरिकाच्या वास्तव्याची माहिती २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवायची असते. हॉटेलवाले तिला ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखतात. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा विदेशी नागरिकांविषयीचा कायदा जाऊन २०२५ चा नवा अधिनियम आला, तरी निवास देणाऱ्याची ही जबाबदारी कायम आहे. ती माहिती भरताना कोणी मराठी नोंदवही समोर ठेवून ‘मुलर’चे MULAR केले, तर त्या नावाचा माणूस देशात आलेलाच नसतो.

दोष कर्मचाऱ्याच्या भाषाज्ञानाचा नाही. रोमनमधील C, K आणि Q यांना देवनागरीत बहुधा एकच ‘क’ मिळतो. V आणि W या दोहोंचा ‘व’ होतो. LL मधील दुसरा L उच्चारात नसल्याने गळतो. अनेक वाटा एका दारात शिरल्या की दारावरून परत फिरताना कोणती वाट आपली, हे कळत नाही. लिप्यंतराचे नियम कितीही काटेकोर केले, तरी हरवलेले अक्षर नियमाने परत येत नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. अमेरिकेचे पारपत्र असलेल्या ज्ञानेश्वर नावाच्या मराठी माणसाच्या पारपत्रावर DNYANESHWAR असते, कारण ‘ज्ञ’चा आपला उच्चार ‘द्न्य’ असा आहे. दिल्लीतील हिंदीभाषक हाच ‘ज्ञ’ ‘ग्य’ असा उच्चारतो. त्याला DNYANESHWAR मध्ये ‘ज्ञ’ दिसतच नाही. तो ‘दन्यानेश्वर’ लिहितो. उलट नोंदवहीत शुद्ध ‘ज्ञानेश्वर’ लिहिलेले असेल, तर तो परत रोमन करताना GYANESHWAR लिहितो. दोघेही आपापल्या भाषेशी प्रामाणिक आहेत, पण नोंद मात्र मोडते.

संगणकाने यात एक अदृश्य अडचण घातली आहे. ‘ॲना’मधील पहिले अक्षर U+0972 या एका संकेतांकाने लिहिता येते, ते युनिकोडमध्ये २००८ साली आले. तेच अक्षर ‘अ’ला वर चंद्र जोडूनही, म्हणजे U+0905 आणि U+0945 मिळूनही, लिहिले जाते. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात. साध्या शोधयंत्रणेला ती भिन्न वाटतात आणि ती ‘पाहुणा नाही’ असे उत्तर देते. पडद्यावर नाव दिसत असूनही शोधात सापडत नसेल, तर प्रथम हाच संशय घ्यावा.

म्हणून माझे मत असे की, नावाला नोंदीची किल्ली करूच नये. प्रत्येक आरक्षणाला क्रमांक द्यावा आणि पाहुणा आला की त्याच नोंदीत पारपत्र क्रमांक व तो देणारा देश लिहावा. पारपत्राच्या दुसऱ्या ओळीत क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांच्या शेजारी पडताळणीचा एकेक अंक असतो. प्रत्येक स्थानाला अनुक्रमे ७, ३ व १ ने गुणून बेरजेचा शेवटचा अंक घेतला की तो जुळावा लागतो. नकलेतील बहुतेक चुका त्याने उघड होतात. नावाला मात्र असा पडताळा नाही. ज्यांनी पारपत्राची रचना केली, त्यांनीही नावावर एवढा भार टाकलेला नाही.

नावासाठी नोंदीत तीन रकाने असावेत : छायाचित्राशेजारचे रूप, तळओळीतील रूप आणि मराठी रूप. पहिली दोन पारपत्रावरून उतरवावीत. तिसरे पाहुण्याला विचारून, उच्चाराप्रमाणे लिहावे. देवनागरीतून रोमन कधीही तयार करू नये. नोंदणी अधिकाऱ्याकडे जाणारी माहिती पारपत्रावरून उतरवलेल्या रकान्यांतूनच जावी. आपल्या सवयीचे ‘नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ हे साचेही येथे लादू नयेत. ‘ॲना मारिया’मधील मारिया हे वडिलांचे नाव नव्हे, आणि इंडोनेशियातील कित्येकांना एकच नाव असते.

यावर आक्षेप येतो की, रोमन रूपच प्रमाण मानायचे, तर मराठी रकाना शोभेपुरता उरतो. मला तसे वाटत नाही. खोलीच्या यादीत, स्वागताच्या फलकावर आणि दूरध्वनीवरून चौकशी करणाऱ्याला उत्तर देताना कामी येते ते मराठी रूपच. य्योर्ग म्युलर यांना कोणी ‘जोएर्ग’ म्हणून हाक मारली, तर ते वळूनही पाहणार नाहीत. उच्चार जपण्याचे काम देवनागरी रोमनपेक्षा कितीतरी चांगले करते. ओळख पटवण्याचे काम तिच्यावर सोपवले की ती बदनाम होते.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहे. पारपत्र बदलले की क्रमांक बदलतो, आणि विवाहानंतर आडनावही बदलू शकते. पुन्हा आलेला पाहुणा जुन्या नोंदीशी जोडायचा असेल, तर जन्मतारीख, देश आणि जुने पारपत्र पाहून माणसानेच निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय कोणी व केव्हा घेतला, हे त्याच नोंदीत लिहावे, आणि जुने नाव खोडू नये.